ताटातलं मिठागर

सहावी-सातवीच्या वर्गात तीन सारखे, उथळ ट्रे मांडा. तिन्हींत तीनशे-तीनशे ग्रॅम पाणी घाला. पहिल्यात नुसतं पाणी, दुसऱ्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवलेलं पाणी, तिसऱ्यात १०५ ग्रॅम मिठाचं घट्ट द्रावण. मग मुलांना विचारा, सर्वांत आधी कोणता ट्रे वाळेल? बहुतेक हात तिसऱ्यासाठी वर होतात. कारणही तयार असतं: त्यात मीठच मीठ आहे, पाणी वाळायला कितीसा वेळ लागणार! पाणी तिन्हींत सारखंच आहे, हे आठवण करून दिलं तरी मत फारसं बदलत नाही. आठवडाभरात निकाल लागतो आणि तो बरोबर उलटा असतो. नुसतं पाणी सर्वांत आधी उडतं, घट्ट द्रावण सर्वांत शेवटी.

मिठाचे स्फटिक तयार करणं हा शाळेतला जुनाच प्रयोग. पण तो बहुतेक वेळा असा होतो: सोमवारी द्रावण केलं, खिडकीत ठेवलं, पुढच्या सोमवारी पाहिलं तर मीठ दिसलं, वहीत आकृती काढली, संपलं. मधले दिवस कुणी बघतच नाही आणि खरी गंमत त्या मधल्या दिवसांतच घडते. मीठ कधी दिसू लागलं, ट्रेच्या कोणत्या भागात दिसलं, रात्री काय झालं, हे पाहायचं तर रोज दोन वेळा नोंद हवी. शाळा भरताना एक आणि शाळा सुटताना एक. त्यासाठी स्वयंपाकघरात वापरतात तो एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा पुरतो. भिंग असेल तर उत्तमच.

आधी सामानाबद्दल. ट्रे काचेचे किंवा प्लास्टिकचे घ्यावेत, तळ सपाट असावा. ॲल्युमिनियमचं ताट नको. मिठाचं पाणी ते आठवड्यात खाऊन टाकतं. चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडू शकतात. काचेच्या ट्रेखाली काळा कागद ठेवला की पांढरे कण उठून दिसतात. मीठ जाडं, म्हणजे खडे मीठ घ्यावं. पुडीतल्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून दुसरे पदार्थ मिसळलेले असतात, ते पाण्यात पूर्ण विरघळत नाहीत आणि द्रावण गढूळ दिसतं. तेच मीठ असेल तर द्रावण रात्रभर स्थिर ठेवून वरचं नितळ पाणी ओतून घ्यायचं. धूळ पडू नये म्हणून मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा वर ताणून बांधावा. वहीनं किंवा झाकणानं झाकलं तर वाफ कोंडते आणि प्रयोगच थांबतो.

आता एका उदाहरणाचा हिशेब करू. ट्रे आतून २० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद आहे असं धरा. म्हणजे पृष्ठभाग ३०० चौरस सेंटिमीटर. त्यात ३०० ग्रॅम पाणी बरोबर एक सेंटिमीटर उंच चढतं आणि एक मिलिमीटर पाणी उडालं की काटा ३० ग्रॅम कमी दाखवतो. पातळी पट्टीनं मोजणं मुलांना अवघड जातं, अर्ध्या मिलिमीटरवरून भांडणं होतात. वजनात भांडण नाही.

फेब्रुवारीतल्या कोरड्या दिवसांत, सावलीत पण खेळत्या हवेत, नुसत्या पाण्याचा ट्रे दिवसाला ७५ ग्रॅम गमावतो असं धरू. म्हणजे तो चार दिवसांत कोरडा. तिसऱ्या, घट्ट द्रावणाच्या ट्रेचं वजन मात्र त्याच हवेत दिवसाला जेमतेम ३५ ते ४० ग्रॅम घटतं. त्याला आठ दिवस लागतात. एकाच टेबलावर, एकाच वाऱ्यात, एवढ्याच पृष्ठभागावरून निम्मंच पाणी का उडावं?

पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत हवेत निसटत असतात आणि हवेतले काही परत पाण्यात येत असतात. निसटणारे जास्त आणि परतणारे कमी असतील तेव्हाच पाणी वाळतं. मीठ विरघळलं की त्याचे सोडियमचे आणि क्लोरीनचे विद्युतभारित कण पाण्याच्या रेणूंना आपल्याकडे ओढून धरतात. त्यामुळे निसटणाऱ्यांची संख्या घटते. किती घटते याचा आकडा ठरलेला आहे: मीठ आणखी विरघळूच शकत नाही अशा संपृक्त द्रावणातून निसटणारे रेणू नुसत्या पाण्याच्या ७५ टक्के असतात. आता हवेत आर्द्रता ५० टक्के असेल, तर नुसत्या पाण्याला १०० आणि ५० मधला फरक मिळतो, म्हणजे ५०. मिठाच्या द्रावणाला मिळतो ७५ आणि ५० मधला फरक, म्हणजे २५. बरोबर निम्मा. वर्गातल्या खऱ्या आकड्यांत थोडं इकडेतिकडे होतं, कारण वाळताना पाणी थोडं गारही पडतं. पण मुलांच्या वहीत हा निम्म्याचा हिशेब स्पष्ट दिसतो.

याच आकड्यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. ती किनाऱ्याजवळच्या शाळांना दिसते, पुण्या-नाशकाकडच्या शाळांना त्या कोरड्या महिन्यांत बहुधा नाही. अलिबाग, मालवण, पणजी या पट्ट्यात दुपारी हवा बरी कोरडी असली तरी पहाटे आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर जाते. अशा वेळी घट्ट द्रावणाचा ट्रे पाणी सोडत नाही, उलट हवेतून ओढून घेतो. संध्याकाळी ३६० ग्रॅम भरलेला ट्रे सकाळी ३६३ ग्रॅम भरतो. शेजारचा नुसत्या पाण्याचा ट्रे मात्र रात्रभरातही हलकाच झालेला असतो. मुलांना आधी वाटतं की कुणीतरी त्यात पाणी टाकलं. शंका घेणं योग्यच आहे, म्हणून दुसऱ्या रात्री खोलीला कुलूप लावून पुन्हा पाहायचं. दिवसातून एकदाच वजन केलं तर हे कधीच कळत नाही. दिवसभराच्या घटीत रात्रीची वाढ बुडून जाते.

आता मीठ कधी दिसतं ते पाहू. खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावतं. आपल्या तिसऱ्या ट्रेत १०० ग्रॅमला ३५ ग्रॅम आहे, म्हणजे भांडं जवळजवळ काठोकाठ भरलेलं. एवढं मीठ विरघळायला कोमट पाणी आणि बरंच ढवळणं लागतं. आठ-दहा ग्रॅम पाणी उडालं की जागा संपते आणि त्यापुढे उडणाऱ्या प्रत्येक शंभर ग्रॅम पाण्यामागे ३६ ग्रॅम मीठ बाहेर पडावंच लागतं. पहिल्याच दिवशी, ३७ ग्रॅम घट झाल्यावर, ट्रेमध्ये २६३ ग्रॅम पाणी उरतं. त्यात जास्तीत जास्त ९५ ग्रॅम मीठ राहू शकतं. म्हणजे तळाशी दहा ग्रॅमच्या आसपास मीठ जमलेलं असणार. ट्रेला हात न लावता, एकही कण बाहेर न काढता, तळाशी किती मीठ आहे हे मुलं काट्यावरून सांगू शकतात. सातवीच्या शेकडेवारीचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

दुसरा ट्रे, ३० ग्रॅमवाला, पहिले तीन दिवस काहीच करत नाही. पाणी घटत राहतं, मीठ दिसत नाही, मुलं कंटाळतात. इथे शिक्षकानं फळ्यावर एक प्रश्न लिहून ठेवावा: ३० ग्रॅम मीठ नेमक्या किती पाण्यात काठोकाठ भरेल? तीस भागिले छत्तीस, गुणिले शंभर. उत्तर येतं सुमारे ८३ ग्रॅम. म्हणजे ३०० पैकी २१७ ग्रॅम पाणी जाईपर्यंत वाट पाहणं आलं. या ट्रेची गतीही रोज मंदावत जाते, कारण पाणी कमी होताना द्रावण घट्ट होत असतं. पहिल्या दिवशी ६५ ग्रॅमच्या आसपास घट, चौथ्या दिवशी पन्नासच्याही खाली. चौथ्या दिवशी दुपारनंतर पहिले कण दिसतील, असं भाकीत आधीच वहीत लिहून ठेवता येतं. ते बरोबर आलं की तीन दिवसांच्या कंटाळ्याची भरपाई होते.

इथे एक फरक सांगायला हवा, नाहीतर गोंधळ होतो. तुरटीचे स्फटिक करताना गरम पाण्यात भरपूर तुरटी विरघळवून भांडं थंड होऊ देतात आणि सकाळी तळाशी स्फटिक चमकत असतात. मिठाला हा मार्ग बंद आहे. तुरटी गरम पाण्यात थंड पाण्याच्या कितीतरी पट जास्त मावते. मीठ मात्र उकळत्या पाण्यातही शंभर ग्रॅमला ३९ ग्रॅमच मावतं. म्हणजे उकळतं द्रावण पूर्ण गार केलं तरी शंभर ग्रॅम पाण्यामागे तीन ग्रॅम मीठ बाहेर येणार. मिठाला पाणी उडण्याशिवाय पर्याय नाही. मिठागरं भट्टीवर चालत नाहीत, ऊन, वारा आणि पसरट पृष्ठभागावर चालतात, त्याचं कारण हेच.

पहिले कण दिसतात ते बहुतेकदा तळाशी नाही, तर पाण्याच्या वर, तरंगताना. हे पाहून मुलंच काय, मोठी माणसंही चकित होतात, कारण मीठ त्या द्रावणापेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतं. वाफ पृष्ठभागावरून निघते, म्हणून द्रावण सर्वांत घट्ट तिथेच होतं आणि कणाचा जन्मही तिथेच होतो. पाण्याच्या पृष्ठभागाला जो ताण असतो तो या चिमुकल्या चौकोनाला पेलून धरतो, सुई अलगद ठेवली तर पाण्यावर राहते तसा. पण कण वाढतो तसा किंचित खाली दबतो. आता त्याच्या फक्त वरच्या कडा घट्ट पाण्याच्या पातळीत असतात, म्हणून मीठ कडांवरच साचतं. कण आणखी दबतो, बाहेरून आणखी मोठी चौकट चढते. असं होत होत मधोमध पोकळ, पायऱ्यापायऱ्यांचा, उलटा पिरॅमिड तयार होतो. भिंगातून वरून पाहिलं तर एकात एक बसवलेल्या चौकटी दिसतात. टेबलाला धक्का बसला किंवा तो फार जड झाला की बुडतो. दुपारी, वारा पडलेला असताना, अशा चौकोनांचा पापुद्रा अख्ख्या ट्रेवर दिसू शकतो. ट्रे उचलून काट्यावर ठेवताना तो मोडतो. म्हणून आधी निरीक्षण, मग वजन, हा क्रम पाळावा.

तळाशी बुडालेले कण पुढे भरीव होत जातात. खालची बाजू ट्रेला टेकलेली असल्यामुळे तिकडे वाढ होत नाही, म्हणून बरेचसे खडे पूर्ण घनाकृती न होता चपट्या चौकोनी वड्यांसारखे होतात. पण कोपरे मात्र सगळ्यांचे काटकोनातच. गुण्या लावून पाहता येतं. लहान असो, मोठा असो, मोडका असो, कोपरा ९० अंशांचाच. याचं उत्तर १९१३ साली विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या मदतीनं दिलं. मिठात सोडियम आणि क्लोरीनचे कण एक सोडून एक, तिन्ही बाजूंना काटकोनात मांडलेले असतात. बाहेरचा आकार हा आतल्या मांडणीचाच परिणाम. सोडियम-क्लोराइडची अशी वेगळी जोडी त्यात कुठेच नसते, हे काही रसायनशास्त्रज्ञांना पचलं नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञानं १९२७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीची खिल्ली उडवली होती. मांडणी मात्र ब्रॅग यांचीच खरी ठरली.

मोठा, पारदर्शक खडा हवा असेल तर घाई करून चालत नाही. उन्हात ठेवलेल्या ट्रेमध्ये पाणी झपाट्यानं उडतं, एकदम असंख्य कण जन्मतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच मीठ येतं. शेवटी हाती येते पांढरी, खरखरीत खपली. पांढरेपणाही भरभर वाढल्यामुळेच येतो. कडा पुढे धावतात, मधे पोकळ्या राहतात आणि त्यांत थेंबथेंब खारं पाणी अडकतं. जाडं मीठ तापल्या तव्यावर तडतडतं ते या अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन खडा फुटतो म्हणून. (हे दाखवायचं तर शिक्षकानं स्वतः, झाकण हाताशी ठेवून, मुलांना लांब उभं करून दाखवावं.) सावलीतल्या ट्रेमधून एक स्वच्छ चौकोनी कण चिमट्यानं उचलावा, गाळलेल्या संपृक्त द्रावणाच्या वाटीत तळाशी ठेवावा, वर कागद बांधून त्याला सुईनं भोकं पाडावीत आणि कण रोज एकदा उलटवावा, म्हणजे खालच्या बाजूलाही वाढायची संधी मिळते. शेजारी दुसरे कण जन्मले तर ते काढून टाकावेत. एवढं करूनही महिन्याभरात नखाएवढा खडा मिळाला तर खूप झालं. दोऱ्याला टांगलेल्या मोठ्या स्फटिकाचं जे चित्र आपण पाहतो ते बहुधा तुरटीचं किंवा खडीसाखरेचं असतं. मिठाच्या दोऱ्यावर सहसा बारीक खड्यांचा झुपका येतो.

पाचव्या-सहाव्या दिवशी एक वेगळीच तक्रार येते: मीठ ट्रेच्या भिंतीवर चढलं. काठाजवळ पाण्याचा पातळ थर लवकर वाळतो, तिथे मिठाची सच्छिद्र पुटी बसते, त्या पुटीच्या बारीक छिद्रांतून द्रावण आणखी वर ओढलं जातं, ते वाळून पुटी आणखी वाढते. दुर्लक्ष केलं तर मीठ काठ ओलांडून बाहेरच्या बाजूनं टेबलावर उतरतं. दिसायला मजा येते, पण वजनाचा हिशेब बिघडतो. शेवटी १०५ ग्रॅमऐवजी ९८ ग्रॅम मीठ भरलं तर आधी ट्रेच्या बाहेर आणि टेबलावर पाहावं. प्रयोग सुरू करतानाच वरच्या काठावर आतून व्हॅसलीनचा किंवा खोबरेल तेलाचा बारीक पट्टा फिरवला की चढाई तिथे थांबते. उलट १०५ ऐवजी ११० ग्रॅम भरलं, तर मीठ दिसायला कोरडं असलं तरी खड्यांच्या आत आणि मधे पाणी आहे असं समजावं. ते उन्हात ठेवून पुन्हा वजन करावं.

समुद्रकाठच्या शाळेला चौथा ट्रे ठेवता येतो, समुद्राच्या पाण्याचा. लिटरभर पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं. त्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पण आपलं मीठ त्यातलं २७ ग्रॅमच्या आसपास. हे पाणी दोन-तीन आठवडे मागणारं आहे. आटून पाचवा हिस्सा उरेपर्यंत मीठ दिसतच नाही. त्याऐवजी तळाशी बारीक, पांढुरका, सुईसारखा गाळ दिसतो. ते जिप्सम. पाणी दहाव्या हिश्श्यावर आलं, म्हणजे जेमतेम शंभर मिलिलिटर उरलं, की चौकोन दिसू लागतात. आणि शेवटी जे थोडं, तेलकट वाटणारं पाणी उरतं ते वाळायचं नावच घेत नाही. त्यात मॅग्नेशियमचे कडू क्षार असतात आणि त्यांतलं मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेतही हवेतलं पाणी धरून ठेवतं. हा उतरत्या क्रमाचा अभ्यास युसिग्लिओ या रसायनशास्त्रज्ञानं १८४९ साली भूमध्य समुद्राचं पाणी आटवून केला होता. वर्गातल्या मुलांना तोच क्रम एका ट्रेमध्ये दिसतो.

मिठागरातही हेच चालतं, फक्त ट्रे अनेक असतात. भरतीचं पाणी आधी मोठ्या कप्प्यात घेतात, मग ते एकातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या उथळ कप्प्यात सोडत जातात. जिप्सम आधीच्या कप्प्यांत मागे राहतं, मीठ शेवटच्या कप्प्यांत बसतं आणि कडू पाणी मीठ भिजवत राहण्याआधी काढून टाकतात. मुलांच्या एकाच ट्रेमध्ये हे तिन्ही एकमेकांत मिसळतं, म्हणून त्यांच्या समुद्राच्या मिठाला ओलसर, कडवट अंग असतं. उरण-पेणकडची, शिरोड्याची किंवा गोव्यात पेडण्याजवळच्या आगरवाड्याची मिठागरं ज्यांना जवळ आहेत त्यांनी ट्रे चालू असतानाच मुलांना तिथे न्यावं. नंतर नेलं तर मुलं मिठाचे ढीग पाहतात. ट्रे चालू असताना नेलं तर ती कप्पे पाहतात, आणि ‘जिप्समचा कप्पा कुठला?’ असं विचारतात.

एक सूचना मात्र राहते. वर्गातलं हे मीठ खायचं नाही, चाखायचंही नाही. आठवडाभर धूळ आणि हात लागलेलं असतं, आणि किनाऱ्याचं पाणी कुठून आलं ते कुणालाच नक्की माहीत नसतं. ते पुढच्या वर्षीच्या द्रावणासाठी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावं. आणि हा प्रयोग डिसेंबर ते एप्रिलमध्येच करावा. जूनमध्ये कोकणातल्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर जाऊन दिवसेंदिवस तिथेच राहते. त्या दिवसांत ट्रे वाळत नाही, आणि वाळवून ठेवलेलं मीठ उघडं राहिलं तर त्याचंच पुन्हा पाणी होतं.